‘पुनर्वसन क्षेत्रात कार्यरत’ म्हणजे नक्की काय करता?

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका परिसंवादाच्या स्मरणिकेसाठी आणि माझ्या स्वतःच्या पानासाठी, म्हणजे पेशंट वाचतील तिथे, परिचय हवा आहे. माझा मसुदा असा: ‘भौतिकोपचार तज्ञ. भौतिकोपचारशास्त्रात पदव्युत्तर पदवी संपादन करून गेली 9 वर्षे अस्थीसंधी विकारांच्या पुनर्वसन क्षेत्रात कार्यरत.’ जास्त काम गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटचं असतं. एक मैत्रीण म्हणते फार जड आहे, सर म्हणतात असंच हवं. हाच दोन्हीकडे चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. आणि गंमत म्हणजे तुमचा मसुदा आहे तसा स्मरणिकेतही चालणार नाही. मी बरीच वर्षं स्मरणिका आणि विशेषांकांसाठी आलेले परिचय दुरुस्त करतो, अधूनमधून सूत्रसंचालनही करतो. त्यामुळे असे परिचय छापण्याचीही सवय आहे आणि माइकवर वाचताना अडखळण्याचीही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. परिचय जड होतो तो संस्कृत शब्दांमुळे, असं सरसकट म्हणता येत नाही. ‘उपचार’, ‘व्यायाम’, ‘शिक्षण’, ‘रोग’ हे सगळे संस्कृतच आहेत आणि कुणालाही खटकत नाहीत. दिनांक, क्रमांक, महापौर हे तर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले शब्द, आज ते कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. शब्द रुळलेला आहे का, एवढंच बघायचं. तुमच्या मसुद्यात अडचण वेगळी आहे: त्यात क्रियापदच उरलेलं नाही. तुम्ही शिकलात, त्याचं ‘पदवी संपादन’ झालं. तुम्ही उपचार करता, त्याचं ‘क्षेत्रात कार्यरत’ झालं. कार्यरत तर डॉक्टरही असतात, कारकूनही असतात आणि लिफ्टमनही असतो. त्या शब्दाने तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. आणि ‘संपादन’ नुसतं कानावर पडलं तर निम्म्या लोकांना आधी मासिकाचं संपादन आठवतं.

म्हणून भाषा औपचारिक ठेवायची की बोलीतली, हे ठरवण्याआधी प्रत्येक नामाचं पुन्हा क्रियापद करून बघा. अध्यापन करतात, मार्गदर्शन करतात, सेवा प्रदान करतात, यांचं शिकवतात, सांगतात, देतात असं करून ठेवा. निम्मा जडपणा तिथेच उतरतो.

आता ‘पुनर्वसन’. यात तुमची चूक नाही, तुमच्या विषयाच्या पुस्तकी परिभाषेत तो शब्द बरोबर आहे. पण महाराष्ट्रात सर्वसाधारण वाचकाच्या डोक्यात पुनर्वसन म्हटलं की धरणग्रस्त येतात, झोपडपट्टी येते, सरकारी खातं येतं. ‘पुनर्वसन क्षेत्रात कार्यरत’ वाचून एखाद्या आजीला वाटेल की या बाई विस्थापितांसाठी काम करतात. गुडघा दाखवायला ती तुमच्याकडे का येईल? परिसंवादाला सगळे तुमच्याच क्षेत्रातले असतील तर शब्द राहू द्या, पण ‘शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन’ असा, पुढे-मागे आधार देऊन.

संस्कृत शब्दांची दुसरी खोड वैद्यकीय परिचयात हमखास आडवी येते, ती म्हणजे ते तुम्हाला न विचारता आयुर्वेदात नेऊन बसवतात. कंबरदुखीला ‘कटिशूल’ लिहिलंत की वाचक तुम्हाला वैद्य समजतो आणि काढ्याबद्दल विचारतो. तुमच्या मसुद्यात हा शब्द नाही, पण परिचय ‘भारदस्त’ करायला बसल्यावर माणसं तिकडे जातात, म्हणून आधीच सांगितलं. ‘संधिवात’ मात्र बिनधास्त लिहा. तोही शब्द आयुर्वेदातलाच, पण आता घराघरात बोलला जातो.

व्यवसायाचं नाव कोणतं लिहायचं? ‘भौतिकोपचार’ हा मराठीतला पर्यायी शब्द आहे, छापील मजकुरात तो शोभतो. पण पेशंट ‘फिजिओथेरपी’ म्हणतात, शोधतातही तेच टाइप करून. तुमच्या पानावर फिजिओथेरपिस्टच हवं. स्मरणिकेत दोन्ही येऊ शकतात: व्यवसाय सांगताना रुळलेला शब्द, पदवीचा विषय सांगताना मराठी शब्द. खाली तसंच केलं आहे.

आणि जड भाषा वापरायची तर तिचं शुद्धलेखन सांभाळावं लागतं. स्मरणिकेचा वाचक नेमका तिथेच बोट ठेवतो. ‘तज्ञ’ नाही, ‘तज्ज्ञ’, कारण तो तत् आणि ज्ञ यांचा संधी आहे. ‘अस्थीसंधी’ नाही, ‘अस्थिसंधी’: मूळ संस्कृत ऱ्हस्व इकारान्त शब्द समासात आधी आला की ऱ्हस्वच राहतो, एकटा किंवा शेवटी आला की मराठीत दीर्घ होतो. म्हणून ‘अस्थी’ एकटा असताना दीर्घ आणि ‘अस्थिसंधी’त ऱ्हस्व. ‘रुग्ण’मधला रु ऱ्हस्व, हेही बघून ठेवा. ‘हाडे आणि सांधे’ लिहिलं असतं तर यातला एकही प्रश्न आला नसता, आणि औपचारिकपणाही कुठे गेला नसता.

स्मरणिकेसाठी मी असं लिहीन:

> … या फिजिओथेरपिस्ट असून त्यांनी भौतिकोपचारशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आहे. हाडे आणि सांध्यांचे विकार असलेल्या रुग्णांवर त्या गेली 9 वर्षे उपचार करीत आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पूर्ववत चालता यावे, यावर त्यांच्या कामाचा विशेष भर आहे.

यात ‘पदव्युत्तर’ मी मुद्दाम ठेवला. त्याला सोपा शब्द शोधायला गेलात तर ‘पदवीनंतरचं पुढचं शिक्षण’ असं लांबण लागतं आणि अर्थही सैल होतो. ‘शस्त्रक्रिया’ रोजच्या वर्तमानपत्रात येतो, तोही राहिला. ‘असून’ने दोन वाक्यं जोडणं हे खास छापील मराठीचं वळण आहे, बोलताना आपण तसं जोडत नाही. अशा एक-दोन खुणा पुरतात, मजकूर आपोआप औपचारिक वाटतो.

तुमच्या पानासाठी:

> मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, खांदा आखडला असेल किंवा कंबर धरली असेल, तर पुन्हा नीट चालता-वाकता यावं म्हणून मी उपचार करते आणि घरी करायचे व्यायाम शिकवते. या कामात मला 9 वर्षं झाली. माझं सगळ्यात जास्त काम गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटबरोबर असतं.

खांदा आणि कंबर मी माझ्या मनाने घातली आहे, ते काम तुम्ही करत नसाल तर काढून टाका. बाकी बदल कुठे झाले ते बघा. एक तर ‘त्या’ची ‘मी’ झाली. स्मरणिकेत तुमच्याबद्दल दुसरं कुणीतरी बोलतंय असं गृहीत असतं, म्हणून आदरार्थी ‘त्या’ साजतं. स्वतःच्या पानावर स्वतःला ‘त्या उपचार करीत आहेत’ म्हणणं म्हणजे आपणच आपल्याला अहोजाहो करणं. मी असे परिचय वाचतो तेव्हा मला हसू येतं, पेशंटला बहुधा परकेपणा वाटत असेल. दुसरं म्हणजे आजारांची नावं गेली आणि पेशंट स्वतः काय म्हणतो ते आलं. ‘कंबर धरली’ हे तो दारातून आत येतानाच म्हणतो.

तिसरा बदल अनुस्वारांचा, आणि घोटाळा सगळ्यात जास्त इथेच होतो. पहिल्या मजकुरात ‘यावे’, ‘वर्षे’ आहे, दुसऱ्यात ‘यावं’, ‘वर्षं’. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार ‘असं केलं’ ही अनुस्वाराची रूपं पात्राच्या तोंडी असलेल्या भाषेसाठी, एरवी ‘असे केले’. प्रत्यक्षात आज ललित लेखनात आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही अनुस्वाराची रूपं सर्रास येतात (हे उत्तरही तसंच लिहिलंय). पेशंटशी तुम्ही बोलताच आहात, तेव्हा पानावर ती योग्यच आहेत. फक्त एकाच मजकुरात दोन्ही नकोत. ‘उपचार करीत आहे’ आणि पुढच्याच ओळीत ‘बरं वाटलं’ असं आलं की वाचकाला कारण सांगता येत नाही, पण मजकूर दोन माणसांनी लिहिल्यासारखा वाटतो. लिहून झाल्यावर फक्त शेवटची अक्षरं बघत एकदा वरून खाली या. ‘केले’, ‘केलं’, ‘त्यांचे’, ‘त्यांचं’ अशी सरमिसळ लगेच सापडते.

बोलीकडे जातानाही एक मर्यादा आहे. ‘भारी रिझल्ट’, ‘एकदम मस्त व्यायाम’ नको. पेशंट दुखतंय म्हणून वाचतोय, त्याला तुमची खात्री वाटायला हवी. तुम्ही दवाखान्यात त्याच्याशी जसं बोलता तेवढंच सोपं, त्याहून सैल नाही.

सरांचा आग्रह मला कळतो. त्यांच्या नजरेसमोर परीक्षक, विभागप्रमुख असे वाचक आहेत, आणि तिथे अति सोपा मजकूर खरोखरच कच्चा वाटू शकतो. त्यांना वरचा पहिला मजकूर दाखवा. त्यांची हरकत बहुतेक ‘भौतिकोपचारतज्ज्ञ का नाही’ एवढीच असेल. ते म्हणाले तर तिथे घाला, एका शब्दाने बिघडत नाही. फक्त तो सलग लिहा आणि दोन्ही ‘ज्’ सांभाळा.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेल असं. परिसंवादात तुमची ओळख करून देताना सूत्रसंचालक स्मरणिकेतलाच मजकूर वाचतात. छापील वाक्य डोळ्यांना लांब वाटत नाही, माइकवर मात्र श्वास पुरत नाही. एका कार्यक्रमात ‘उच्चविद्याविभूषित’ वाचताना माझी जीभ अशी वळली की सभागृह हसलं, आणि ज्यांची ओळख होती त्या बिचाऱ्या गंभीरपणे मंचावर चढत होत्या. तेव्हापासून मी आयोजकांकडून वाचायचा मजकूर वेगळा मागतो. तुम्ही तो स्वतःच देऊन ठेवा. तीन छोटी वाक्यं, ‘असून’ काढून टाकलेली:

> … या फिजिओथेरपिस्ट आहेत. गेली 9 वर्षं त्या हाडांच्या आणि सांध्यांच्या रुग्णांवर उपचार करत आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस पुन्हा नीट कसा चालू लागतो, हा त्यांचा खास विषय.

पदवी इथे नाही, कारण ती स्मरणिकेत छापलेली आहे आणि ऐकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. आडनाव अवघड असेल तर उच्चार कंसात लिहून द्या. माणसं परिचयात चुकतात त्याहून जास्त आडनावात चुकतात.