ग्रिड बारीक केली की मध्यावरचं तापमान का घसरतं?

प्रश्न: चौकोनी प्लेट, वरची कड १००°, बाकी तीन कडा ०°. गाऊस-सायडेलचा सी प्रोग्राम लिहिलाय, आतले सगळे नोड ० पासून सुरू. एका फेरीत कुठल्याच नोडमध्ये ०.०१ पेक्षा जास्त बदल झाला नाही की थांबतो. १० भाग केले तर मध्यावर २४.९ येतं, २० ला २४.६ आणि ४० ला २३.४. ग्रिड बारीक केल्यावर उत्तर सुधारायला हवं ना? चिपळूणला थर्ड इयर मेकॅनिकलला आहे, या आठवड्यात जर्नल द्यायचंय.

उत्तर: तुमचं नोडल समीकरण बरोबर आहे. घोळ आहे तो थांबण्याच्या अटीत.

आधी एक गोष्ट पक्की करू. मध्यावर नेमके २५ च यायला हवेत. १०० ची कड आळीपाळीने चारही बाजूंना ठेवून चारही उत्तरं एकत्र करा. मग सगळ्याच कडा १०० होतात, म्हणजे आतही सगळीकडे १००. प्लेट चौकोनी असल्यामुळे त्यात प्रत्येक कडेचा मध्यावरचा वाटा सारखाच, म्हणून २५. सम संख्येत भाग पाडले तर हे कुठल्याही ग्रिडवर तंतोतंत लागू पडतं. म्हणजे तुमचे २३.४ हा ग्रिडचा दोष नाही. प्रोग्राम अर्ध्या वाटेतच थांबलाय.

मी रत्नागिरीत हाच विषय शिकवतो. पावसाळ्यात लॅबची वीज गेली की नऊ मुलांना तीन-तीनच्या ओळीत बसवतो. प्रत्येक मूल एक नोड, हातात पाटी. काम एकच: चार शेजाऱ्यांची बेरीज करून चाराने भागायचं आणि जुना आकडा पुसायचा. वरच्या ओळीला फळ्याच्या बाजूचा शेजारी १००, इतर कडांना ०. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलापासून सुरुवात केली की पहिला आकडा येतो २५, शेजारचीचा ३१.२५, आणि फेरी मध्यावर पोचते तेव्हा तिथे ९.३८. पुढच्या फेऱ्यांत मध्याचा आकडा असा सरकतो: १७.१९, २१.०९, २३.०५.

आता बदल बघा: ७.८१, ३.९१, १.९५. दर फेरीला निम्मा. आणि २३.०५ वर उरलेली चूकही १.९५ च. शेवटचा बदल जेवढा, तेवढीच चूक बाकी. हे जमतं, कारण इथे लागोपाठच्या बदलांचं गुणोत्तर ०.५ आहे. गुणोत्तर ρ आणि शेवटचा बदल δ धरला, तर पुढच्या सगळ्या बदलांची बेरीज ही भूमिती श्रेणी होते:

```
उरलेली चूक ≈ δ * ρ / (1 - ρ)
```

चौकोनाच्या बाजूचे N भाग केले तर गाऊस-सायडेलसाठी ρ = cos²(π/N). N = ४ ला ०.५, N = १० ला ०.९०४५, N = २० ला ०.९७५५ आणि N = ४० ला ०.९९३८. शेवटच्या तिघांसाठी ρ/(१−ρ) साधारण ९.५, ४० आणि १६० येतं. त्याला तुमच्या ०.०१ ने गुणा: ०.०९५, ०.४ आणि १.६. २५ मधून वजा करा, तुमचेच तीन आकडे येतील. ग्रिड बारीक झाली की उष्णतेची बातमी दर फेरीला थोडीच पुढे सरकते. बदल छोटे होतात, पण ते संपता संपत नाहीत.

म्हणून प्रत्येक फेरीतला सगळ्यात मोठा बदल छापा आणि त्याला आधीच्या फेरीतल्या बदलाने भागा. हा भागाकार स्थिर झाला की तोच ρ. मग वरच्या सूत्राने आलेली चूक ०.०१ च्या खाली जाईपर्यंत चालू ठेवा. ४० भागांना त्यासाठी बदल ०.००००६ च्या आसपास यावा लागेल, म्हणून `float` सोडून `double` वापरा. एक्सेलमध्ये करणाऱ्यांनी हेही बघावं की तिथली ठरलेली मर्यादा १०० फेऱ्या किंवा ०.००१ बदल एवढीच असते. ४० भागांना ती अजिबात पुरत नाही.

फेऱ्या फार लागत असतील तर ओव्हर-रिलॅक्सेशन करा. चार शेजाऱ्यांच्या सरासरीपर्यंत जाऊन थांबू नका, त्याच दिशेने थोडं पुढे जा:

```
T[i][j] += w * (avg - T[i][j]);
```

चौकोनासाठी सगळ्यात चांगला w = 2/(1 + sin(π/N)), म्हणजे ४० भागांना १.८५. चूक हजारपट कमी करायला साध्या पद्धतीत हजारावर फेऱ्या लागतात, इथे शंभराच्या आत काम होतं. w २ किंवा त्याहून मोठा घेतला की आकडे उधळतात.

मात्र या w ला बदलांचं गुणोत्तर वरखाली होतं, त्यामुळे वरचं सूत्र तिथे चालत नाही. त्याऐवजी उष्णतेचा जमाखर्च बघा. वरच्या कडेतून आत येणारी उष्णता म्हणजे वरच्या ओळीतल्या प्रत्येक नोडचा (१०० − T) घेऊन बेरीज. बाकी तीन कडांतून बाहेर जाणारी म्हणजे त्या कडांना लागून असलेल्या T ची बेरीज, त्यात कोपऱ्याजवळचे खालचे नोड दोन्ही कडांसाठी मोजायचे. नऊ नोडांच्या पूर्ण उत्तरात वरची ओळ ४२.८६, ५२.६८, ४२.८६, मधली १८.७५, २५, १८.७५ आणि खालची ७.१४, ९.८२, ७.१४ येते. जमा १६१.६, खर्चही १६१.६. तुमच्या २३.४ वाल्या उत्तरात जमा जास्त आणि खर्च कमी दिसेल. जर्नलमध्ये या दोन बेरजा शेजारी-शेजारी लिहा.