सगळ्यांना सांभाळणाऱ्या मित्रासाठी वाढदिवसाचे पत्र

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या शाळेच्या ग्रुपमध्ये एक मित्र आहे, जो कायम सगळ्यांचं बघतो. त्याचं कोणी कधी नीट बोलून कौतुक केलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस आहे. शुभेच्छांमधूनच त्याचे आभार मानायचे आहेत, पण तयार संदेश सगळे एकाच छापाचे वाटतात. काय लिहू?

उत्तर :

लिहायला बसण्यापूर्वी एकच प्रसंग निवडा, आणि तो निवडताना त्याने केलेली सर्वांत मोठी मदत न शोधता सर्वांत नेमकी मदत शोधा. अशा माणसाने केलेल्या मोठ्या मदती सर्वांना ठाऊक असतात. रुग्णालयात रात्र काढणे, सामान हलवायला येणे, अडीनडीला पैसे देणे यांचा उल्लेख अधूनमधून होतो आणि तो झाला की हा माणूस ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलतो. मात्र कोणी न सांगता त्याने जिथे स्वतःहून काहीतरी ओळखलेले असते, ती जागा सहसा कोणी त्याला बोलून दाखवलेली नसते. पत्र त्या जागेविषयी असावे.

आमच्याही शाळेच्या मित्रांमध्ये असा एक जण आहे, त्यामुळे त्याच्या वाढदिवसाला मी लिहिलेल्या पत्राचेच उदाहरण घेतो. माझ्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी नोकरीनिमित्त बंगळुरूला होतो. तो सकाळी आईला घेऊन गेला, शस्त्रक्रिया होईपर्यंत बाहेर बसून राहिला आणि दुपारी तिला रिक्षाने घरी घेऊन आला. ही झाली मोठी मदत, जी आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. पण या शस्त्रक्रियेनंतरची खरी कसोटी घरी सुरू होते. डोळ्यांत घालायचे थेंब कित्येक आठवडे चालतात, एका औषधाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावे लागते आणि दोन वेगळी औषधे एकापाठोपाठ घालायची असल्यास मध्ये पाचेक मिनिटे थांबावे लागते, नाहीतर दुसऱ्या थेंबाबरोबर पहिला वाहून जातो. बाटल्या एकसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्यावरची अक्षरे बारीक, एका डोळ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली आणि दुसऱ्या डोळ्यालाही आधीपासून कमी दिसणारे. त्याने एका बाटलीला रबरबँड गुंडाळला आणि दुसरी तशीच ठेवली, म्हणजे आईला चाचपून ओळखता येईल. मग जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे जाड काळ्या पेनाने त्या सगळ्या आठवड्यांचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावले. त्याला हे कोणी सुचवले नव्हते आणि त्यानेही ते मला कळवले नाही. मी सुटीत घरी आलो तेव्हा ते दारावर पाहिले.

आता याविषयी लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘तुझ्यामुळे मला बंगळुरूला निश्चिंतपणे काम करता आले, माझी केवढी सोय झाली’ ही एक, आणि ‘काकूंना अक्षरे दिसणार नाहीत, पण बोटांना रबरबँड कळेल, हे तुला सुचले’ ही दुसरी. पहिल्या वाक्यात सगळे लक्ष माझ्यावर आहे, दुसऱ्यात त्याच्यावर. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जोडीदार एकमेकांचे आभार कसे मानतात ते पाहिले होते. समोरच्याने केलेल्या कृतीची वाखाणणी आणि स्वतःला झालेला फायदा हे आभाराचे दोन भाग त्यांनी वेगळे काढले, तेव्हा ऐकणाऱ्याला ‘हा माणूस मला समजून घेतो’ असे वाटण्याशी संबंध दिसला तो पहिल्या भागाचा. स्वतःचा फायदा लिहूच नये असे नाही. पण तो एका वाक्यात उरकून बाकीची जागा त्याने काय पाहिले, काय ओळखले आणि काय केले याला द्यावी.

यापुढे काय लिहू नये, हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक शुभेच्छा इथेच बिघडतात. आपल्याकडे वाढदिवसाच्या संदेशाचा शेवट ‘असाच राहा, सगळ्यांना असाच सांभाळत राहा’ असा करण्याची सवय आहे. इतरांच्या बाबतीत हे वाक्य निरुपद्रवी आहे, पण या मित्राला ते लिहिणे म्हणजे आभार मानता मानता पुढच्या वर्षाचे काम त्याच्यावर सोपवणे होय. ‘तू आमच्या ग्रुपची आई आहेस’ हेही तसेच. त्यात कौतुक आहे, पण आईला आजारी पडण्याची मुभा नसते हे आपल्या घरांमधून आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘आभार मानून तुला परके करणार नाही, तुझ्या ऋणातच राहीन’ हे तर मला सर्वांत खटकते. ऐकायला ते फार जवळिकीचे वाटते, परंतु जे बोलायचे होते ते न बोलता सुटण्याची ती सोय आहे, आणि तुमच्या मित्राच्या बाबतीत इतकी वर्षे जे राहून गेले आहे ते त्यामुळे पुन्हा राहूनच जाईल.

क्षमायाचनाही नको. ‘आम्ही तुला नेहमी गृहीत धरले, आम्हाला लाज वाटते’ असे वाचल्यावर हा माणूस काय करील याचा विचार करा. तो ताबडतोब फोन करून तुमचीच समजूत काढील, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशीही सांत्वनाचे काम त्याच्याकडेच जाईल. एक काळजी आणखी घ्यावी लागते. अशा मित्राने ग्रुपमधल्या कोणाला तरी नोकरी गेल्यावर किंवा घरातल्या भांडणात गुपचूप साथ दिलेली असू शकते, आणि त्याने ती गोष्ट जपलेली असते. दुसऱ्याचा असा प्रसंग त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय पत्रात आणू नका. स्वतःचाच प्रसंग घ्या.

मी लिहिलेले पत्र त्याची अनुमती घेऊन, त्याचे नाव तेवढे वगळून, इथे देतो.

‘वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. आईच्या ऑपरेशनला तू गेलास ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. मला त्या बाटलीवरच्या रबरबँडबद्दल लिहायचं आहे. आईला नावं वाचता येणार नाहीत हे तू ओळखलंस, आणि तिला प्रत्येक वेळी शेजारच्यांना हाक मारावी लागू नये म्हणून तिच्या बोटांना कळेल अशी खूण केलीस. तिला स्वतःचं स्वतः करायला आवडतं, हे तुझ्या लक्षात होतं. दारावरच्या वेळापत्रकात शेवटच्या आठवड्याचे थेंबसुद्धा तू आधीच लिहून ठेवले होतेस. तो कागद आईने काढू दिलेला नाही, ती पाहुण्यांना दाखवते. तुझ्यामुळे मी तिकडे शांत झोपलो. तू माणसाकडे नीट बघतोस, आणि मग त्याचा मान राखून मदत करतोस. त्याबद्दल तुझे आभार. येत्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगडावर जाऊ. पाण्याच्या बाटल्या मी घेतो, आणि सगळ्यांच्या मागे राहून हळू चालणाऱ्यांना सोबत मी करीन. तू तुझ्या वेगाने पुढे जा. वर पोचल्यावर आमची वाट न बघता पिठलं-भाकरी मागव.’

शेवटची वाक्ये मी मुद्दाम घातली, कारण ‘कधी काही लागले तर सांग’ हे वाक्य या माणसाच्या उपयोगाचे नाही. तो सांगणार नाही. म्हणून तो नेहमी उचलत असलेले एखादे काम ओळखून, दिवस ठरवून, ते आपल्याकडे घ्यावे. आमचा मित्र गड चढताना कायम शेवटी असतो, कारण कोणीतरी मागे राहते. तुमचा मित्र कदाचित बिलाचा हिशेब करत असेल, किंवा रात्री सगळ्यांना रिक्षा मिळेपर्यंत चौकात उभा राहत असेल. ते काम त्या एका दिवसापुरते खरोखरच पार पडेल इतके लहान असावे. वर्षभराचे वचन दिले आणि ते पाळले गेले नाही, तर तो काही न बोलता ते काम पुन्हा स्वतःकडे घेईल.

पत्राची लांबी दीडशे शब्दांच्या आसपास पुरते. हाताने लिहिल्यास तेवढे एका लहान पानावर मावते आणि एकदा लिहून दुसऱ्यांदा स्वच्छ उतरवण्याचा कंटाळा येत नाही. हातकागदाचे कार्ड घेणार असाल तर त्याच्या तुकड्यावर आधी पेन चालवून पाहा, कारण काही हातकागदांवर शाई फुटते आणि तिथे साधे बॉलपेनच चांगले चालते. अक्षर चांगले नसल्यास चिंता करू नका.

हे पत्र ग्रुपवर टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. रात्री बारा वाजता केकच्या चित्रांच्या आणि फुलांच्या गर्दीत ते वाचले जाणार नाही, आणि वाचले गेले तरी सर्वांसमोर झालेल्या कौतुकाला उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल, मग तो प्रत्येकाचे नाव घेऊन ‘तुम्ही सगळे आहात म्हणून’ असे लिहीत बसेल. ग्रुपवर साध्या शुभेच्छा द्या आणि पत्र पाकिटात घालून त्याच्या हाती द्या, तेही असे की त्याला तुमच्या देखत ते उघडावे लागणार नाही.

देताना अवघडल्यासारखे होईल, विशेषतः इतक्या वर्षांच्या मैत्रीत जिथे असे बोलण्याची रीतच नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना आभाराची पत्रे लिहायला लावली आणि मिळणाऱ्याला ती कशी वाटतील याचा अंदाजही त्यांच्याकडून घेतला. पत्र मिळणाऱ्यांना प्रत्यक्षात जेवढे आश्चर्य आणि जेवढा आनंद वाटला, तो लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होता, आणि त्यांना वाटलेले अवघडलेपण मात्र अंदाजापेक्षा कमी होते. लिहिणारे आपले शब्द बरोबर आहेत का याच्या काळजीत होते, तर वाचणाऱ्यांचे लक्ष त्यातल्या आपुलकीकडे होते.

पत्र वाचून झाल्यावर तो ‘अरे, त्यात काय एवढं, एक रबरबँड तर होता’ असे काहीतरी म्हणेल, हे धरून चाला. वाद घालू नका, आणखी चार प्रसंग सांगून त्याला पटवायलाही जाऊ नका. ‘मला ते मोलाचं वाटलं’ एवढे म्हणा, आणि रविवारी किती वाजता निघायचे ते ठरवा.