‘मला वेळ हवाय’ म्हटलं की त्याला दार लावल्यासारखं वाटतं

‘मॅडम, भांडण झालं की मला लगेच बोलता येत नाही. डोकं शांत व्हायला वेळ लागतो. तसं मेसेजमध्ये लिहिलं की नवरा म्हणतो, तू मला तोडतेस. फोनवर फोन करतो. मग मी अजूनच गप्प होते. वेळ मागायचा तरी कसा?’

हाच प्रश्न घेऊन एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ठाण्याचं, लग्नाला सहा वर्षं झालेली, चार वर्षांची मुलगी. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून, त्यांच्या परवानगीने त्यांची गोष्ट सांगते.

नवऱ्याने गावी भावाला बोअरवेलसाठी ऐंशी हजार रुपये पाठवले होते. बायकोला ते कळलं बँकेच्या मेसेजवरून. ते पैसे मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. रात्री कडाक्याचं भांडण झालं. सकाळी लोकलमधून तिने त्याला लिहिलं, ‘मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाहीये. मला स्पेस हवी. प्लीज फोन करू नकोस.’ दुपारपर्यंत त्याचे अकरा मिस्ड कॉल. संध्याकाळी त्याने थेट तिच्या आईला चिपळूणला फोन लावला. मग पैशांचं भांडण बाजूला राहिलं आणि ‘माझ्या आईला मध्ये का घेतलंस’ हे नवं सुरू झालं.

मी दोघांना तो मेसेज मोठ्याने वाचायला सांगितला. तिने वाचला तेव्हा आवाज थकलेला होता. मुलुंडच्या गर्दीत, एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने तो टाइप केला होता. त्याने तेच शब्द वाचले तेव्हा एकेक शब्द तोडून, कोरडे आले. मेसेजमध्ये आवाज नसतो. वाचणारा आपल्या भीतीचा आवाज त्यात भरतो. त्याची भीती जुनी होती. लहानपणी त्याचे वडील आईशी पंधरा-पंधरा दिवस अबोला धरायचे आणि ‘बाबांना सांग, पान वाढलंय’ असे निरोप हा पोचवायचा. त्याच्या लेखी गप्प बसणं म्हणजे शिक्षाच.

तिचं गप्प होणं मात्र शिक्षा नव्हती. भांडणात छाती धडधडते, कान तापतात, समोरच्याचं अर्धं वाक्यच ऐकू येतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना नाडीमोजणी यंत्रं लावून त्यांची भांडणं अभ्यासली. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणूस नीट ऐकू किंवा विचार करू शकत नाही, असं ते सांगतात. शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात. त्यांच्या एका प्रयोगात यंत्र दुरुस्त करायचंय असं सांगून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला दिली. नाडी खाली आल्यावर तीच माणसं त्याच विषयावर कितीतरी समजूतदारपणे बोलली. म्हणजे वेळ मागणं हे नखरे नाहीत. पण मासिकाच्या जागी मनात ‘आता त्याला काय काय सुनवायचं’ याची उजळणी चालू राहिली, तर तासानेही नाडी खाली येत नाही.

मग आम्ही तिचा मेसेज पुन्हा लिहिला. दोन-तीन वेळा खाडाखोड झाली आणि शेवटी असा उतरला:

‘मला खूप राग आलाय, आत्ता बोलले तर वाकडंच बोलेन. पैशांचा विषय मी सोडलेला नाही, आपल्याला तो बोलायचाच आहे. रात्री पिल्लू झोपली की साडेनऊला बोलू. तोवर त्यावर फोन नको. तिचं किंवा घरचं काही असेल तर नक्की कर. संध्याकाळी तिला मीच आणते.’

यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे ‘साडेनऊला’. ‘थोडा वेळ दे’ यातला थोडा म्हणजे किती, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. वाट बघणाऱ्याला तो अंत नसलेला वाटतो. घड्याळातली वेळ दिली की त्याच्या जिवाला टेकू मिळतो. ती वेळ फार लांबची नको. त्याच दिवशीची रात्र किंवा फार तर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. त्यापुढे गेलं की वेळ मागणं अबोल्याकडे झुकतं.

दुसरं, तिने विषयाचं नाव घेतलं. आधीच्या मेसेजमधलं नुसतं ‘मला स्पेस हवी’ वाचून त्याच्या मनात थेट घटस्फोटाचे विचार आले होते, हे त्याने सत्रात खाली मान घालून सांगितलं. ‘पैशांचा विषय’ म्हटल्यावर भांडण तेवढ्यापुरतंच राहिलं. आणि शेवटचं वाक्य, मुलीला मीच आणते, हे मला फार आवडतं. त्यात प्रेमाचा एक शब्द नाही, पण संसार चालू आहे हे त्यातून पोचतं. खोटं ‘लव्ह यू’ चिकटवण्यापेक्षा हे बरं. तिच्या पहिल्या खर्ड्यात ‘तू नेहमी मागे लागतोस म्हणून’ असंही होतं. ते मी काढायला लावलं. वेळ मागायच्या मेसेजमध्ये आरोप घातला की समोरचा त्याचं उत्तर देणारच, मग वेळ कुठून मिळणार?

त्यालाही काम होतं. असा मेसेज आला की ‘बरं, साडेनऊला’ एवढंच लिहायचं. ‘ठीक आहे, तुझी मर्जी’ नाही.

पुढच्याच भांडणात त्यांनी हे करून बघितलं आणि फसलं. मेसेज छान गेला, पण दुपारी तिने व्हॉट्सअॅपला मैत्रिणीच्या वाढदिवसाचं स्टेटस टाकलं. त्याच्या मनात आलं, माझ्याशी बोलायला डोकं शांत नाही आणि याला आहे. रात्री मुलीला थोपटता थोपटता तिचाच डोळा लागला. तो अकरापर्यंत सोफ्यावर बसून होता. सकाळी ती म्हणाली, ‘अरे, झोप लागली,’ आणि विषय काढलाच नाही. खरं तुटलं ते इथे. ज्याने वेळ मागितला त्यानेच ठरल्या वेळी येऊन पहिलं वाक्य बोलायचं असतं. नाही जमणार असं वाटलं तर ठरलेली वेळ व्हायच्या आधी कळवायचं: ‘आज जमत नाहीये, उद्या सकाळी चहाला नक्की.’ हीही सवलत एकदाच. तीनतीनदा पुढे ढकललं तर समोरच्याला टाळाटाळ वाटणार, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवते. भांडणानंतर धमकी, मारहाण किंवा कोंडून ठेवणं होत असेल, तर परतायची वेळ देणारा मेसेज लिहीत बसू नका. तिथे आधी सुरक्षित जागा आणि माणसं हवीत. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112.

या जोडप्याचं दुसऱ्या महिन्यात पुन्हा वाजलं, मुलीच्या शाळेवरूनच. तिचा मेसेज गेला, त्याचं ‘बरं’ आलं. नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ती बाहेरच्या खोलीत आली, पंखा एकने कमी केला आणि म्हणाली, ‘चल, बोलू. आधी तू सांग.’ ऐंशी हजारांचा हिशोब अजून पुरता मिटलेला नाही. दीर दर महिन्याला पाच हजार पाठवतोय, ते आता दोघं मिळून वहीत लिहितात.