मागून धडक आणि दोष कुणाचा

पुढच्याने अचानक ब्रेक मारला, एवढ्या एका वाक्यावर विसंबून राहू नकोस. पुढची गाडी कधीही थांबू शकते हे गृहीत धरूनच पुरेसं अंतर ठेवायचं, असा आपल्याकडे नियम आहे. ते किती फूट, हे नियमात नाही. पण 2018 मध्ये निशान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंदाज दिला: गाडी दोन ते तीन सेकंदांत कापेल एवढं अंतर. त्यात कार ट्रकमागे जेमतेम 10-15 फुटांवर होती, आणि ट्रकने अचानक ब्रेक मारल्याचा मुद्दा टिकला नाही. हिशोब करून बघ: ताशी 60 च्या वेगाला 15 फूट म्हणजे पाव सेकंद. तेवढ्यात पाय ब्रेकवर पोचतसुद्धा नाही.

पण मागचाच दोषी, असं दरवेळी नसतं. त्याच वर्षीच्या अर्चित सैनी प्रकरणात रात्री रस्त्याच्या मधोमध गॅस टँकर उभा होता, पार्किंग लाइट नाही, इंडिकेटर नाही. उच्च न्यायालयाने निम्मा दोष धडकणाऱ्या व्हॅनच्या चालकावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. फरक अंतराचा नव्हता, दिसण्याचा होता.

म्हणून अशी धडक झालीच, तर जखमींना मदत मिळाल्यावर आणि गाड्या हलण्याआधी पुढच्या वाहनाचे मागचे दिवे, रिफ्लेक्टर आणि ते रस्त्यात नेमकं कुठे उभं होतं याचे फोटो घे. पंचनाम्यातही ते लिहून घ्यायला सांग. डॅशकॅम असेल तर उत्तमच, फक्त त्यात तुझंही अंतर दिसतं.