‘ते’ बसतं का बघा

«मुलगी आठवीत आहे. ‘व्हेअर यू वेंट?’ लिहिलं की बाई लाल रेघ मारतात. सुधारून ‘आय डोन्ट नो व्हेअर डिड ही गो’ लिहिलं, तरी लाल रेघ! नेमकं करायचं काय? – भुसावळ»

दोन्ही रेघा बरोबर आहेत, पण मुलीची चूक अगदी आपल्या मातीतली आहे. आपल्याकडे कुणी ‘काय करी राहिना?’ विचारतो, आणि तेच वाक्य जसंच्या तसं उचलून ‘तू काय करी राहिना ते सांग’ असंही म्हणतो. शब्द जागचे हलत नाहीत, फक्त मागे ‘ते सांग’ लागतं. प्रमाण मराठीतही तसंच. इंग्रजीत मात्र या दोन वाक्यांची ठेवण वेगळी असते.

थेट विचारताना सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. ‘यू आर गोइंग’चं ‘व्हेअर आर यू गोइंग?’ होतं. ‘यू वेंट’मध्ये पुढे आणायला सहायकच नाही, म्हणून ‘डिड’ उसना घ्यायचा. भूतकाळ त्याने उचलला की ‘वेंट’चं परत ‘गो’ होतं: ‘व्हेअर डिड यू गो?’ मुलीच्या पहिल्या वाक्यात हा ‘डिड’च गायब आहे.

दुसऱ्या वाक्यात तो नको तिथे आला. ‘तो कुठे गेला ते मला माहीत नाही’ हा प्रश्नच नाही, साधं विधान आहे. त्यामुळे आतला क्रमही विधानाचाच: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही वेंट.’ ‘डिड’ गेला, भूतकाळ पुन्हा ‘वेंट’मध्ये आला. वर्तमानकाळात ‘एस’चा प्रवास बघा. ‘व्हेअर डज द ट्रेन स्टॉप?’ मध्ये तो ‘डज’मध्ये असतो, ‘टेल मी व्हेअर द ट्रेन स्टॉप्स’ म्हटलं की ‘स्टॉप्स’वर येऊन बसतो.

मी शिकवणीत मुलांना एकच सांगतो: वाक्य आधी मराठीत म्हणा आणि प्रश्नाच्या तुकड्यामागे ‘ते’ बसतं का बघा. बसलं, तर तेवढ्या तुकड्यात उलटापालट नाही. ‘गाडी आली का?’ – ‘हॅज द ट्रेन कम?’ ‘गाडी आली का ते बघ’ – ‘सी इफ द ट्रेन हॅज कम.’ इथे ‘का’च्या जागी ‘इफ’ येतो, हे मुलं हमखास विसरतात.

प्रश्नचिन्हाला मात्र भुलू नका. ‘गाडी कुठे थांबते ते सांगाल का?’ याला चिन्ह आहे, पण ते ‘सांगाल का’चं. म्हणून उलटापालट तिथेच, एकदाच: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द ट्रेन स्टॉप्स?’

आणि ‘कप कुणी फोडला?’ला ‘डिड’ लावू देऊ नका. तिथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे: ‘हू ब्रोक द कप?’ ‘ते सांग’ जोडलं तरी ‘टेल मी हू ब्रोक द कप’. इथे आपली सवय आयती कामाला येते.