गोपनीय अहवालातला 'चांगला' शेरा आणि अडलेली पदोन्नती

प्रश्न: माझ्या गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता, तो मला कधी कळवलाच नाही. आता त्याच्यावरून पदोन्नती नाकारली. दाद मागता येईल का?

हो. देव दत्त विरुद्ध भारत सरकार (2008) हे प्रकरण जवळपास असंच आहे. सीमा रस्ते खात्यातल्या या कार्यकारी अभियंत्याला वरच्या पदासाठी सलग पाच वर्षं 'खूप चांगला' शेरा हवा होता. 1993-94 साली नुसता 'चांगला' मिळाला, तोही न कळवता, आणि पदोन्नती हुकली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शेरा कसाही असो, तो कळवलाच पाहिजे. 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हेच कायम केलं.

मात्र न्यायालय स्वतः शेरा बदलत नाही. देव दत्त यांच्या बाबतीतही आदेश एवढाच होता की शेरा कळवा, त्यावर त्यांचं लेखी म्हणणं म्हणजे अभिवेदन घ्या, निर्णय द्या. शेरा सुधारला तर मागील तारखेपासून पदोन्नतीचा विचार करा. तोवर ते निवृत्तही झाले होते!

म्हणून आधी अहवालाची प्रत मागा आणि लेखी अभिवेदन द्या. 'साहेबांचा आकस होता' एवढं लिहून भागत नाही. वर्षभरात एकही मेमो नाही, आधीच्या वर्षीचा शेरा उत्तम, मग प्रतवारी अचानक का घसरली, हे कागदानिशी दाखवा. अभिवेदन कारण न देता फेटाळलं, तर तोही वेगळा मुद्दा होतो. राज्य सरकारी नोकरी असेल तर फेटाळल्यापासून एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे मॅटमध्ये जा. सहा महिने उत्तरच आलं नाही, तर वर्ष तिथून मोजतात.