दोन रिपोर्ट जुळवण्याआधी पाठवायचा मेसेज

प्रिय मित्रा,

समज, 31 मार्चचे बचत खात्यांचे ॲक्टिव्ह ग्राहक मार्केटिंगच्या रिपोर्टमध्ये 48,210 आहेत आणि ऑपरेशन्सच्या रिपोर्टमध्ये 41,975. लगेच एक्सेलमध्ये 6,235 चा फरक शोधत बसू नकोस. आधी ऑपरेशन्सच्या मॅडमना मेसेज टाक.

मात्र “ॲक्टिव्ह म्हणजे काय?” एवढंच विचारलंस, तर “व्यवहार करणारे ग्राहक” असं उत्तर येईल आणि तू होतास तिथेच राहशील. प्रश्न असा विचार की त्याचं उत्तर हो, नाही, एखादी तारीख किंवा दोनपैकी एक पर्याय असं यावं:

“नमस्कार मॅडम. 31 मार्चच्या तुमच्या रिपोर्टमध्ये 41,975 ॲक्टिव्ह ग्राहक आहेत. मार्केटिंगचा आकडा 48,210 आहे. जुळवणी सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या होत्या. फक्त व्याज जमा झालं किंवा एसएमएस चार्ज कापला गेला, तर ग्राहक ॲक्टिव्ह धरता का? व्यवहार कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे घेता? मोजणी कस्टमर आयडीवर आहे की खाते क्रमांकावर? क्वेरीतली अट जशीच्या तशी पाठवलीत तरी चालेल. उद्या दुपारी जुळवणीला बसतोय.”

पहिल्या प्रश्नावर माझा सर्वाधिक भर आहे. बचत खात्याचं व्याज बहुतेक बँका तिमाहीला जमा करतात. ‘कुठलीही नोंद’ अशी अट असेल, तर वर्षभर बँकेकडे न फिरकलेला ग्राहकही मार्चअखेर ॲक्टिव्ह दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमातही, खातं इनऑपरेटिव्ह ठरवताना ग्राहकाने केलेला व्यवहारच बघतात. व्याज आणि बँकेचे चार्जेस त्यात येत नाहीत. पण तिथली मुदत दोन वर्षांची आहे. त्यामुळे “आम्ही आरबीआयप्रमाणे धरतो” असं उत्तर आलं, तरी मुदत वेगळी विचार.

तारखांमध्ये एक फसवी जागा आहे. लीप वर्ष नसेल तर जानेवारी ते मार्च बरोबर 90 दिवस होतात. म्हणून ‘मागचे 90 दिवस’ आणि ‘चालू तिमाही’ या दोन व्याख्या 31 मार्चला एकच उत्तर देतात. सप्टेंबरअखेर तिमाही 92 दिवसांची असते. तेव्हा ज्यांचा शेवटचा व्यवहार 1 किंवा 2 जुलैला झाला, ते 90 दिवसांच्या मोजणीतून गळतात. मार्चला जुळलं म्हणून व्याख्या एकच आहे, असं धरून चालू नकोस.

उत्तर आलं की दोन्हीकडच्या कस्टमर आयडींच्या याद्या समोरासमोर लाव. 6,235 ही नुसती वजाबाकी आहे. मार्केटिंगकडेच असलेले 6,890 आणि ऑपरेशन्सकडेच असलेले 655 निघाले, तरी फरक तेवढाच येतो. व्याज फक्त मार्केटिंग धरत असेल, तर त्या 655 जणांचं कारण व्याजात सापडणार नाही, कारण व्याज धरल्याने मार्केटिंगची यादी फक्त वाढते. त्यांच्यासाठी तारखांची अट आणि बंद झालेली खाती तपास. प्रत्येक गटातले दहा आयडी काढून त्यांच्या नोंदी स्वतः वाच. मॅडमना दाखवायचे असतील तर फक्त आयडी पाठव, नाव आणि खाते क्रमांक नको.

तुझा,
जुना सहकारी